बाटलीवरच्या दोन आकड्यांवरून दारूचा हिशेब कसा काढायचा

"ताई, मी दारूला शिवत नाही. नुसती बिअर घेतो, तीपण दोनच." समोर बसलेले दादा पिकअप टेम्पो चालवणारे. पहाटे चारला उठून भाजी मार्केट यार्डात पोचवायची, हा त्यांचा रोजचा धंदा. शेजारी त्यांचे मेहुणे. ते रात्री एक क्वार्टर घेतात म्हणून घरच्यांनी त्यांना आणलं होतं, आणि दादा त्यांना सोबत म्हणून आले होते. अर्ध्या तासानं हिशेब मांडला, तेव्हा दादांच्या दोन बाटल्यांत मेहुण्यांच्या क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं. दादा कागद उलटासुलटा करून बघत राहिले.

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशनाचं काम करते आणि हा हिशेब आठवड्यातून पाच-सहा वेळा तरी कुणाला ना कुणाला शिकवते. त्याला लागतात बाटलीवरचे दोन आकडे, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि आपण प्यायला बसतो तो ग्लास.

मोजायचं काय?

क्वार्टर, पाइंट, पेग, कॅन ही सगळी भांड्यांची नावं आहेत. शरीरावर परिणाम होतो तो आतल्या शुद्ध अल्कोहोलचा, आणि प्रत्येक भांड्यात ते वेगवेगळं असतं. म्हणून डॉक्टर मंडळींनी एक समान माप धरलं आहे. त्याला स्टँडर्ड ड्रिंक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक स्टँडर्ड ड्रिंक धरते, आणि आपल्याकडच्या व्यसनमुक्तीच्या कामातही हेच माप चालतं. या लेखात मीही तेच धरते.

पहिली पायरी: बाटली फिरवून दोन आकडे शोधा

पहिला आकडा मिलिलिटरचा. तो सहज सापडतो. मोठी बिअर ६५० मिली, पाइंट ३३० मिली, मोठा कॅन ५०० मिली, क्वार्टर १८० मिली, हाफ ३७५ मिली आणि खंबा ७५० मिली.

दुसरा आकडा टक्क्यांचा, आणि नवख्या माणसाची गडबड इथेच होते. तो बहुधा बारीक अक्षरांत, मागच्या लेबलवर किंवा कडेला असतो. त्याच्यापुढे व्ही/व्ही किंवा एबीव्ही अशी इंग्रजी अक्षरं असतात. दोन्हींचा अर्थ एकच: शंभर मिलीमध्ये इतके मिली अल्कोहोल. भारतात बनणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडीवर बहुतेक वेळा ४२.८% दिसेल. वाइनवर १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास. बिअरवर मात्र पुष्कळदा एक आकडा नसून "५ टक्क्यांपेक्षा जास्त, पण ८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही" अशा अर्थाचं वाक्य असतं. ती स्ट्राँग बिअर. आत नेमके किती टक्के आहेत हे त्या वाक्यावरून कळत नाही, म्हणून हिशेबाला वरचा आकडा, म्हणजे ८ घ्यायचा. आलेलं उत्तर खऱ्यापेक्षा थोडं जास्त असू शकतं, पण स्वतःच्या पिण्याचा हिशेब कमी लागण्यापेक्षा जास्त लागलेला बरा. लेबलवर नेमका आकडा वेगळा दिला असेल, तर अर्थातच तो घ्या.

काही बाटल्यांवर, विशेषतः देशीच्या, टक्क्यांबरोबर किंवा टक्क्यांऐवजी "२५ यू.पी." असं काहीतरी दिसतं. लोक याला पंचवीस टक्के समजतात आणि हिशेब जवळजवळ निम्म्यावर येतो. यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ. ही जुन्या ब्रिटिश पद्धतीची खूण आहे. त्या पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल, आणि २५ यू.पी. म्हणजे त्या शंभरापेक्षा पंचवीसनं खाली, म्हणजे ७५ प्रूफ. टक्के काढायचे तर प्रूफला ४ नं गुणा आणि ७ नं भागा. ७५ चे झाले ४२.८. म्हणजे व्हिस्कीच्या बाटलीवरचा तो ओळखीचा आकडा याच हिशेबातून आलेला आहे. बाटलीवर ६० यू.पी. असेल तर ४० प्रूफ, म्हणजे साधारण २२.८ टक्के. इथे यू.पी.चा आकडा जितका मोठा, तितकी दारू सौम्य. वाचणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून मी हे नेहमी कागदावर लिहूनच दाखवते.

ड्यूटी फ्रीमधून आणलेल्या अमेरिकन बाटलीवर नुसतं "८० प्रूफ" असेल, तर वरचं सूत्र लावू नका. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. ८० प्रूफ म्हणजे सरळ ४० टक्के.

दुसरी पायरी: मिलीचे ग्रॅम करा

आता दादांची बाटली घेऊ. ६५० मिली, ८ टक्के. ६५० चे ८ टक्के म्हणजे ५२. हे ५२ काय आहेत, इथे थांबून बघायला हवं. शिकलेली माणसंसुद्धा याला ५२ ग्रॅम म्हणून मोकळी होतात. पण लेबलवरचे टक्के आकारमानाचे आहेत, वजनाचे नाहीत. म्हणजे हे ५२ मिलिलिटर झाले, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक मिली पाणी एक ग्रॅम भरतं, एक मिली अल्कोहोल भरतं फक्त ०.७८९ ग्रॅम. म्हणून ५२ ला ०.७८९ नं गुणायचं. येतात ४१ ग्रॅम. दहा ग्रॅमचं एक ड्रिंक, तर एका बाटलीत झाले ४.१ स्टँडर्ड ड्रिंक.

हे सगळं कॅल्क्युलेटरवर एका ओळीत बसतं. मिली गुणिले टक्के गुणिले ०.७८९ भागिले १०००:

```
650 * 8 * 0.789 / 1000 = 4.1
180 * 42.8 * 0.789 / 1000 = 6.1
```

दुसरी ओळ मेहुण्यांच्या क्वार्टरची. त्यांचे ६.१, दादांचे दोन बाटल्यांचे ८.२. बाटली ८ टक्क्यांऐवजी ७ टक्क्यांची धरली तरी दादांचे ७.२ होतात, म्हणजे क्वार्टरच्या वरच राहतात.

८ आणि ४२.८ हे दोनच आकडे शेजारी ठेवले की बिअर हलकी वाटते. पण माणूस व्हिस्की साठ मिली घेतो आणि बिअर साडेसहाशे मिली. टक्के कमी, पण घोट दहापट. हिशेबात दोन्ही आकडे घेतल्याशिवाय अर्थ लागत नाही.

तीच ६५० मिलीची बाटली माइल्ड, म्हणजे ५ टक्क्यांची असेल तर २.६ स्टँडर्ड ड्रिंक होतात. बाटली तेवढीच, रंगही तोच, फरक दीड ड्रिंकचा. "एक बिअर" एवढं लिहिलेल्या नोंदीला म्हणूनच मी काही किंमत देत नाही.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर एक सोपी खूण आहे. ४२.८ टक्क्यांच्या दारूचा ३० मिलीचा स्मॉल पेग जवळजवळ नेमका एक स्टँडर्ड ड्रिंक असतो. लार्ज म्हणजे दोन. क्वार्टरमध्ये सहा स्मॉल बसतात, म्हणून सहा. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. दादांना ०.७८९ फारसं पटलं नव्हतं, पण "दोन बाटल्या म्हणजे आठ स्मॉल" म्हटल्यावर त्यांनी लगेच मान वर केली. पेगची भाषा त्यांच्या ओळखीची होती.

तिसरी पायरी: ग्लास मोजा

अख्खी बाटली किंवा कॅन एकट्यानं संपवला तर हिशेब वर झालाच. घरी खंब्यातून ओतून घेणाऱ्याचं मात्र बाटलीवरच्या आकड्यांनी भागत नाही. त्याच्या ग्लासात किती पडलं हे लेबल सांगत नाही.

मी केंद्रात एक साधी गोष्ट करायला लावते. नेहमीसारखाच स्टीलचा किंवा काचेचा ग्लास देते, रिकाम्या बाटलीत पाणी भरून ठेवते आणि म्हणते, "घरी एक पेग भरता तसा भरा." मग ते पाणी औषधाच्या मापाच्या झाकणानं मोजायचं. खोकल्याच्या औषधाबरोबर प्लॅस्टिकचं पारदर्शक झाकण येतं, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात, ते पुरतं. दादा रविवारी मेहुण्यांबरोबर व्हिस्कीचेही "दोन पेग" घेत असत. हे त्यांनी जरा उशिरा सांगितलं. त्यांनी पाणी ओतलं आणि आम्ही मोजायला बसलो. १५ मिलीची सहा झाकणं भरली आणि सातव्यात ५ मिली आलं. म्हणजे ९५ मिली.

```
95 * 42.8 * 0.789 / 1000 = 3.2
```

त्यांचा एक पेग सव्वातीन स्टँडर्ड ड्रिंकचा होता. दोन पेग म्हणजे ६.४, क्वार्टरपेक्षा थोडे जास्तच. ते काही लपवत नव्हते. स्टीलच्या ग्लासात बाहेरून पातळी दिसत नाही, बूड रुंद असतं, आणि "दोन बोटं" प्रत्येक ग्लासात वेगळी भरतात.

घरी हेच एकदा पाण्यानं करून बघा. काचेचा ग्लास असेल तर ३० मिली पाणी घालून बाहेरून नेलपेंटची बारीक रेघ मारून ठेवा. दोन्ही बाजूंना ३० आणि ६० मिलीच्या वाट्या असलेलं स्टीलचं पेग मेजर मिळतं, तेही चालेल. मात्र ते काठोकाठ भरून वर आणखी एक धार सोडायची सवय असेल, तर ती धारसुद्धा मोजावी लागेल.

सोडा, पाणी, बर्फ, कोल्ड्रिंक यांनी आकड्यात काही फरक पडत नाही. ६० मिली व्हिस्कीत दोनशे मिली पाणी घातलं तरी ड्रिंक दोनच राहतात. चव पातळ होते, अल्कोहोल तेवढंच असतं. बाटली वाटून घेतली असेल तर "आम्ही तिघांनी एक खंबा" अशी नोंद करून तीननं भागू नका. तिघं कधीच सारखं पीत नाहीत. आपापले ग्लास मोजा.

वाइनचं थोडक्यात सांगते. नाशिकची असो की बाहेरची, ७५० मिलीची १३.५ टक्क्यांची बाटली ८ स्टँडर्ड ड्रिंकची होते, आणि १५० मिलीचा ग्लास १.६ चा. मोठ्या गोल ग्लासात निम्म्यापर्यंत ओतलेली वाइन कित्येकदा २०० मिलीच्या पुढे जाते, म्हणून हा ग्लासही एकदा पाण्यानं मोजावा.

परदेशातला आकडा जुळत नाही, तेव्हा

लंडनला राहणारा मुलगा फोनवर म्हणतो, "इथे बाटलीवरच युनिट छापलेले असतात." खरं आहे, पण ते युनिट म्हणजे आपलं स्टँडर्ड ड्रिंक नाही. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ८ ग्रॅम. ऑस्ट्रेलियात बाटलीवर स्टँडर्ड ड्रिंक छापतात आणि तिथलं माप १० ग्रॅमचं, म्हणजे या लेखातलंच. अमेरिकेत एक ड्रिंक सुमारे १४ ग्रॅमचं असतं.

त्यामुळे वर सांगितलेली ती एकच वाइनची बाटली लंडनमध्ये १०.१ युनिट, मेलबर्नमध्ये ८ आणि न्यू जर्सीत ५.७ ड्रिंक होते. वाइन तीच, काटा वेगळा. ब्रिटनमधला सल्ला आहे की पुरुष असो वा बाई, आठवड्याला १४ युनिटांच्या वर नियमित जाऊ नये. हे १४ आपल्या मापात अकराच भरतात. तो आकडा उचलून इथल्या स्टँडर्ड ड्रिंकला लावला, तर आठवड्याला तीन ड्रिंक जास्तीचे पदरात पडतात.

ब्रिटिश युनिट काढणं मात्र फार सोपं आहे. लिटरला टक्क्यांनी गुणलं की झालं. ०.६५ लिटर गुणिले ८ म्हणजे ५.२ युनिट. त्याला ०.८ नं गुणलं की आपलं माप येतं, सुमारे ४.२. अचूक उत्तर ४.१ आहे, पण तोंडी हिशेबाला एवढा फरक चालतो.

जिथे हा हिशेब लागत नाही

हातभट्टी, ताडी, गोव्यात उन्हाळ्यात काजूच्या हंगामात मिळणारा उर्राक यांच्या सुट्या बाटलीवर लेबलच नसतं. उर्राक एकदाच गाळलेला आणि फेणीपेक्षा बराच सौम्य, पण प्रत्येक भट्टीवर त्याचा जोर वेगळा. ताडी तर झाडावरून उतरवल्यापासून आंबतच राहते, सकाळची आणि संध्याकाळची सारखी नसते. इथे अंदाजानं टक्के धरून दशांशात उत्तर काढणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. नोंद करताना "किती मिली, कुठली, टक्के माहीत नाहीत" असंच लिहा. हातभट्टीत धोका नुसत्या जोराचा नसतो. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळे, आणि मिथेनॉल चवीनं किंवा वासानं ओळखू येत नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, आणि दादांनीही तोच विचारला. "मग किती तासांनी गाडी चालवायची?" शरीर साधारण तासाला एका स्टँडर्ड ड्रिंकच्या आसपास अल्कोहोल बाहेर टाकतं. पण हा वेग माणसागणिक बदलतो, आणि कॉफी, आंघोळ, लिंबू-पाणी यांनी तो वाढत नाही. दादा रात्री नऊला बसायचे, अकराला उठायचे आणि साडेचारला टेम्पो काढायचे. ८.२ ड्रिंक आणि पहिल्या घोटापासून साडेसात तास. म्हणजे पहाटे स्टिअरिंगवर हात ठेवताना अंगात अल्कोहोल उरलेलं असण्याची पुरेपूर शक्यता. कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि आपण तिच्या खाली आहोत हे या हिशेबानं कधीच सिद्ध होत नाही. अजून चालवायचं नाही एवढं सांगायला तो पुरतो. आता चालवा, असं तो सांगू शकत नाही.

आकडा लहान आला म्हणजे ते सुरक्षित, असाही अर्थ काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की आरोग्याच्या दृष्टीनं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. आणि आकडा मोठा आला म्हणून घाबरून, रोज पिणाऱ्या माणसानं एका रात्रीत बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. आधी डॉक्टरांना भेटा आणि जाताना हा हिशेब बरोबर न्या.

डॉक्टरांकडे काय न्यायचं?

तपासणीत बऱ्याचदा ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेची आहे. त्यातला दुसरा प्रश्न असा, की ज्या दिवशी पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक होतात? उत्तर "एक किंवा दोन" असेल तर शून्य गुण. "सात ते नऊ" असेल तर तीन गुण. दादा आधी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे कुणी बाटली कोणती, केवढी, असं काही विचारलं नाही. ते "दोन" म्हणाले, "दोन" लिहिलं गेलं, शून्य गुण पडले आणि त्यांना घरी पाठवलं. त्यांचं खरं उत्तर ८.२ होतं. प्रश्न ड्रिंक विचारतो आणि माणूस बाटल्या सांगतो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता फॉर्मच्या आधी बाटलीचंच विचारते, आणि तुम्हीही कुणाच्या विचारण्याची वाट न बघता ते सांगावं असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी एक आठवडाभर नोंद ठेवा. वही नको असेल तर रिकाम्या बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा, त्यात मिली आणि टक्के दोन्ही दिसतील असा. घरी ओतून घेतलेली असेल तर ग्लासाचं माप लिहा. नोंद त्याच रात्री करा. दुसऱ्या दिवशीच्या आठवणीतून एक तरी ग्लास गळतोच.

दादांनी तशी नोंद केली आणि पुढच्या मंगळवारी सिगरेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहून आणली. चार दिवस स्ट्राँग बिअर, रोज दोन, म्हणजे ३२.८. रविवारी व्हिस्की, ९५ मिलीचे दोन, म्हणजे ६.४. दोन दिवस कोरडे. खाली रेघ मारून बेरीज ३९.२, आणि तिच्या शेजारी बॉलपेननं दोनदा गिरवलेलं, "स्मॉल पेग". तोच कागद फाइलला टाचून मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.